परत आलेल्या जोडाचा खर्च कोणाच्या किमतीत धरायचा?

वाचकाचे पत्र

आमचा कोल्हापुरी चपलांचा घरचा धंदा आहे. चामडं आणि मजुरी धरून एक जोड ₹४८० ला पडतो, गावातल्या दुकानात तो ₹६५० ला जातो. आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन विक्री सुरू केली. तिथं कमिशन १५ टक्के, दर ऑर्डरला ठरावीक फी ₹२० आणि शिपिंग ₹७५, या सगळ्यावर जीएसटी वेगळा. खोका-टेपला ₹२५ लागतात. ₹६५० वर १५ टक्के आणि ₹७५ चढवून आम्ही किंमत ₹८२५ ठेवली. महिन्याला शंभरेक ऑर्डरी येतात. त्यातले १४ जोड ग्राहक परत पाठवतात, तेव्हा परतीचे आणखी ₹८५ कापले जातात. सहा जोड न स्वीकारताच माघारी येतात, त्यांचं शिपिंग कापत नाहीत. परत आलेल्यांतले चार तरी मळलेले असतात, ते गावात ₹३०० ला काढतो. कामाला उसंत नाही, पण हातात काही राहत नाही. किंमत वाढवली तर ऑर्डरी तुटतील ही भीती आहे. किती वाढवावी?

– कोल्हापूर जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर

तुम्ही आकडे इतके नीट दिले आहेत की अंदाजावर बोलायची गरजच उरत नाही. किती वाढवायची ते सांगते, पण त्याआधी ₹८२५ हा आकडा कसा बसवला गेला ते पाहू. चूक तिथंच झाली आहे आणि ती बहुतेक नवे विक्रेते करतात. ती तशीच राहिली तर उद्या ₹९०० ठेवूनही हिशोब चुकेल.

तुम्ही १५ टक्के काढले ते ₹६५० वर, म्हणजे साडेसत्त्याण्णव रुपये. कमिशन मात्र ग्राहक जी किंमत भरतो तिच्यावर लागतं. ₹८२५ चे १५ टक्के होतात ₹१२३.७५. म्हणजे दर जोडामागे सव्वीस रुपये इथंच कमी पडले. ठरावीक फीचे ₹२० आणि खोक्याचे ₹२५ किमतीत धरलेच नव्हते. शिवाय ₹८२५ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ₹२,५०० पर्यंतच्या पादत्राणांना हाच दर लागतो. किंमत वाढवली की त्यातला सरकारचा वाटाही वाढतो, म्हणून वाढवलेल्या ₹१७५ पैकी आठ रुपये तुमचे नाहीतच.

आता एक जोड मांडून बघा. ₹८२५ मधून जीएसटी काढला की ₹७८५.७१ उरतात. त्यातून कमिशन ₹१२३.७५, फी ₹२०, शिपिंग ₹७५, जोडाचे ₹४८० आणि खोक्याचे ₹२५ वजा करा. उरतात ₹६२. दुकानात हाच जोड ₹६५० ला देऊन तुम्हाला जीएसटी वजा जाता ₹१३९ सुटतात. आणि हे ₹६२ सुद्धा फक्त ग्राहकाने ठेवून घेतलेल्या जोडाचे आहेत.

इथं एक खुलासा हवा, कारण यावर बराच गोंधळ असतो. कमिशन, फी आणि शिपिंगवर लागणारा १८ टक्के जीएसटी मी खर्चात धरलेला नाही. तुम्ही राज्याबाहेर माल पाठवत असाल तर नेहमीची जीएसटी नोंदणी असणारच, आणि त्या नोंदणीत हा कर तुम्हाला जमा मिळतो. जीएसटी पोर्टलवर `GSTR-2B` हे विवरण उघडून मार्केटप्लेसची बिलं तुमच्या नंबरावर दिसतात का, तेवढं दर महिन्याला पाहा. दिसत नसतील तर तो कर खरोखरच तुमच्या खिशातून जातो आहे. कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्यांना ही जमा मिळत नाही आणि त्यांना ऑनलाइन विक्री राज्यातल्या राज्यातच करता येते. त्यांनी सगळ्या कपाती १.१८ ने गुणूनच धराव्यात, आणि ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नसल्याने त्यांचं गणित वेगळं मांडावं लागतं. ₹४८० हा आकडाही मी जीएसटी वगळून धरला आहे. चामड्याच्या बिलावरचा कर त्यात मिसळला असेल तर तो वेगळा काढा.

पैसे देण्याआधी मार्केटप्लेस आणखी दोन छोट्या रकमा कापून ठेवतं. जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का आणि प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्का. हे दोन्ही खर्च नव्हेत, तुमचेच पैसे आहेत. टीसीएस जीएसटी पोर्टलवर स्वीकारला की तुमच्या कॅश लेजरमध्ये येतो आणि टीडीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो. किमतीत ते चढवू नका, पण ते तिथून उचलायला विसरूही नका.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. परत येणारा एक जोड तुम्हाला कितीला पडतो? जातानाचं शिपिंग ₹७५, येतानाचं ₹८५ आणि खोका ₹२५, असे ₹१८५. कमिशन आणि ठरावीक फी परत मिळते असं मी इथं धरलं आहे. सगळीकडे तसं नसतं. काही ठिकाणी परतीनंतरही कमिशनचा काही भाग किंवा वेगळी प्रक्रिया फी कापली जाते. सेटलमेंट रिपोर्टमध्ये परत आलेली एक ऑर्डर उघडा आणि तिच्या नावावरची प्रत्येक ओळ अधिक-उणे करून पाहा, कळून जाईल.

चौदा जोडांचे झाले ₹२,५९०. मळलेले चार जोड ₹३०० ला जातात, त्यातला जीएसटी काढला तर ₹२८६ हाती येतात, म्हणजे दर जोडामागे ₹१९४ चा तोटा. चौघांचे ₹७७६. न स्वीकारलेल्या सहा जोडांचे खोके ₹१५० चे. एकूण ₹३,५१६. आणि ठेवून घेतलेल्या ८० जोडांवर तुमची कमाई ८० गुणिले ६२, म्हणजे सुमारे ₹४,९६०. वजाबाकी केली की शंभर ऑर्डरींच्या महिन्यात हातात राहतात साडेचौदाशेच्या आसपास. विकलेल्या एका जोडामागे ₹१८. तुम्ही लिहिता ती ओढाताण नेमकी ही आहे.

या ₹३,५१६ ला कितीने भागायचं, इथं दुसरी मोठी चूक होते. पुष्कळ जण शंभराने भागतात आणि ‘ऑर्डरमागे पस्तीस रुपये परतीचे’ असं किमतीत घालतात. पण परत गेलेल्या वीस ऑर्डरींनी तुम्हाला एक पैसाही दिलेला नाही, त्या आपला भार कशा उचलणार? भार उचलणार फक्त ८० जोड. म्हणून भागायचं ८० ने, आणि उत्तर येतं ₹४४. परती जितक्या जास्त, तितका हा फरक फुगत जातो, कारण वरचा खर्च वाढतो आणि खालचे वाटेकरी कमी होतात.

परतीचं प्रमाण काढताना चालू महिना घेऊ नका. आज गेलेला जोड पोचायला आठवडा, ग्राहकाला परत करायची मुदत, मग परतीचा प्रवास. चालू महिन्यातल्या ऑर्डरींतल्या कित्येक परती अजून वाटेवर असतात आणि प्रमाण उगाच कमी दिसतं. दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरी घ्या आणि त्याच ऑर्डरींतल्या किती अखेर ग्राहकाकडे राहिल्या ते मोजा. तुमचे १४ आणि ६ हे आकडे अशा पद्धतीने काढलेले नसतील तर आधी एवढं करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता किंमत. ती उलटी काढायची असते: आधी जोडामागे किती सुटायला हवेत ते ठरवायचं आणि तिथून किमतीकडे यायचं. दुकानात ₹१३९ सुटतात, पण त्यातून दुकानाचं भाडं आणि गल्ल्यावर बसायचा वेळ जातो. ऑनलाइनला ₹१२० धरू. रुपयांत ठरलेले सगळे खर्च एकत्र करा: जोड ४८०, खोका २५, फी २०, शिपिंग ७५, परतीचा वाटा ४४ आणि तुमचे १२०. बेरीज ₹७६४. ग्राहकाच्या प्रत्येक रुपयातून जीएसटी आणि कमिशन गेल्यावर तुमच्याकडे ८० पैसेच पोचतात. म्हणून ₹७६४ मध्ये टक्के मिळवायचे नाहीत, तर त्याला ०.८०२४ ने भागायचं. संगणकावर शीटमध्ये हे सहा आकडे `B1` ते `B6` मध्ये लिहून खालचं सूत्र टाका:

```
=SUM(B1:B6)/(1/1.05-0.15)
```

उत्तर येतं ₹९५२. इतर वाचकांनी १.०५ च्या जागी आपल्या मालाचा जीएसटी आणि ०.१५ च्या जागी आपलं कमिशन घालावं. १८ टक्क्यांच्या मालाला १.१८. जाहिरातीवर खर्च करत असाल तर महिन्याचा तो खर्चही ठेवून घेतलेल्या नगांच्या संख्येनेच भागून सातवा आकडा म्हणून मिळवावा, आणि सूत्रात `B6` चं `B7` करावं.

म्हणजे उद्याच ₹९५२ करायचे का? मी तसं सुचवणार नाही. या आकड्यात दोन खर्च असे आहेत जे ग्राहकाकडून वसूल करण्यापेक्षा मुळातच कमी करता येतात.

पहिला खर्च खोक्याचा. तुम्ही त्याचं माप लिहिलेलं नाही, पण कोल्हापुरी चपला बऱ्याचदा बुटांच्या खोक्यात भरल्या जातात. असा खोका समजा ३२ × २४ × ११ सेंमीचा आहे. कुरिअर आणि मार्केटप्लेस प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायची नेहमीची रीत म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणायची आणि ५,००० ने भागायची. या खोक्याचं उत्तर १.६९ किलो येतं, आणि टप्पे अर्ध्या किलोचे असतील तर बिल दोन किलोचं. जोडाचं खरं वजन सहसा याच्या निम्मंसुद्धा नसतं. तुम्ही पैसे भरता ते बहुतांशी खोक्यातल्या हवेचे.

कोल्हापुरीचा तळ सपाट असतो. म्हणून दोन्ही चपला तळाला तळ लावून, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे करून ठेवल्या की ३० × १४ × ११ सेंमीच्या खोक्यात बसू शकतात. याचं आकारमानाचं वजन ०.९२ किलो, म्हणजे बिल एक किलोचं. वरचे पट्टे चेपू नयेत म्हणून आत कागदाचा बोळा घाला. वेणीचे किंवा गोंड्याचे पट्टे जास्त उंच असतील तर त्या नमुन्याला वेगळं माप घ्या, चेपलेला पट्टा हेही परतीचं कारण होतं. खोका बदलल्यावर विक्रेता पॅनेलमध्ये त्या मालाची मापं बदलायला विसरू नका, नाहीतर जुन्याच मापाने कपात चालू राहील. नवा खोका काट्यावर ठेवून आणि बाजूला टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे कधी जास्त वजन लावलं गेलं तर तक्रारीला तोच पुरावा.

समजा यामुळे जातानाचं आणि येतानाचं शिपिंग प्रत्येकी ₹२० ने उतरलं. तुमचा खरा आकडा रेटकार्डावर एक किलो आणि दोन किलोच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. शंभरांतल्या ९४ जोडांना जातानाचं शिपिंग लागतं आणि १४ ना येतानाचं. म्हणजे महिन्याला ₹२,१६० वाचले. तुमच्या आजच्या सगळ्या कमाईपेक्षा ही रक्कम मोठी आहे आणि किमतीला हातही लागलेला नाही.

दुसरा खर्च परतींचा. पॅनेलमधून परतींचा रिपोर्ट उतरवून घ्या आणि नमुना, माप आणि कारण असे तीन रकाने समोर ठेवून तीन महिन्यांच्या ओळी लावा. कोल्हापुरीत बहुधा माप पुढे येतं, कारण ग्राहक आपल्या बुटाचा नंबर टाकतो आणि कारागिराचा साचा त्या नंबराशी जुळतोच असं नाही. नंबरांचा तक्ता पुरेसा नाही. प्रत्येक नंबराच्या तळाची आतली लांबी तुम्ही स्वतः मोजून सेंमीत द्या, आणि ग्राहकाने पाऊल कसं मोजायचं ते दुसऱ्याच चित्रात दाखवा: भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची, दोन्ही पाय मोजून मोठा आकडा घ्यायचा. एखाद्याच नंबराच्या परती भरमसाट असतील तर तक्त्याआधी साचा तपासा. कधीकधी एका कारागिराचा आठ दुसऱ्याच्या साताएवढा भरतो.

दुसरं कारण अपेक्षेचं. कोल्हापुरी पहिले काही दिवस कडक लागते, अंगठ्यापाशी चावते, मग चामडं पायाला सैल होतं. तुम्हा-आम्हाला हे लहानपणापासून ठाऊक आहे, पण लखनौच्या किंवा गुवाहाटीच्या ग्राहकाला नाही. तो पहिल्याच संध्याकाळी ‘घट्ट आहे’ म्हणून परत पाठवतो. वर्णनात आणि खोक्यातल्या चिठ्ठीवर हे सरळ लिहा: सुरुवातीला घट्ट बसणं बरोबर आहे, पट्ट्याच्या आतून तेलाचं बोट फिरवा, रोज थोडा वेळ घाला. चामड्याच्या रंगात जोडागणिक थोडा फरक असतो हेही लिहा, आणि फोटोत रंग उजळवू नका. चिठ्ठी हिंदी आणि इंग्रजीतही हवी.

मळून येणाऱ्या चार जोडांसाठी एक साधा उपाय आहे. चामड्याचा तळ फरशीवर चार पावलं चालला तरी घासल्याची खूण राहते. तळाला सहज निघणारा कागद चिकटवा आणि त्यावर ‘चटईवर घालून पाहा’ असं छापा. कागद फाटून, मळून आला तर जोड वापरला गेला होता हे दाखवता येतं. परतीचं प्रत्येक पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा, आधी बाहेरचं लेबल आणि मग आतला जोड एकाच सलग चित्रफितीत येऊ द्या, आणि नुकसानीचा दावा मुदतीतच करा. ही मुदत थोड्या दिवसांची असते. परतीचे जोड आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिले की दाव्याचा हक्क जातो.

यातून चौदाच्या आठ परती झाल्या आणि मळके जोड चारावरून दोनावर आले असं धरू. न स्वीकारलेले सहा तसेच राहू द्या, त्यांच्यावर विक्रेत्याचा फारसा ताबा नसतो. आता ठेवून घेतलेले जोड ८६. परतीचा एक जोड नव्या शिपिंगने ₹१४५ ला पडतो, आठांचे ₹१,१६०, मळलेल्या दोघांचा तोटा ₹३८८, खोके ₹१५०. एकूण ₹१,६९८, भागिले ८६, म्हणजे जोडामागे ₹२०. आधी हे ₹४४ होते. पुन्हा बेरीज करा: ४८०, २५, २०, शिपिंग ५५, परती २०, तुमचे १२०. झाले ₹७२०. त्याला ०.८०२४ ने भागलं की ₹८९७.

म्हणून माझा सल्ला ₹८९९ चा. ₹९५२ भरून ग्राहकाने जो भार उचलला असता, त्यातला पंचावन्न रुपयांचा भार खोका आणि मापाच्या तक्त्याने उचलला.

आता तुमच्या भीतीबद्दल. ऑर्डरी कमी होतील हे खरं आहे, पण किती कमी झाल्या तर नुकसान, हे मोजता येतं. काहीच सुधारणा न करता, आजच्याच परती आणि आजचाच खोका धरून ₹८९९ ठेवले तरी ठेवून घेतलेल्या जोडामागे ₹७७ सुटतात. आज ₹१८ सुटतात. परतीचं प्रमाण तेच राहिलं तर ऑर्डरी शंभरावरून पंचवीसवर आल्या तरी महिन्याची कमाई आजच्यापेक्षा थोडी जास्तच राहील. एवढी घसरण होईल असं मला वाटत नाही, पण हाताखालच्या कारागिरांना नगावर मजुरी मिळत असेल तर काम एकदम घटणं तुम्हाला परवडणार नाही, हेही दिसतं. म्हणून एकदम उडी नको. आधी खोका आणि तक्ता बदला. मग दोन-तीन नमुने निवडून ₹८५९ करा, दोन आठवडे ऑर्डरी बघा, मग ₹८९९. सणाच्या आधीचा किंवा सेलचा आठवडा या तुलनेत धरू नका. कापशीसारख्या ओळखीच्या नमुन्याला ग्राहक शेजारच्या दुकानाच्या भावाशी तुलना करतो, तर हाताच्या वेणीकामाला तेवढी तुलना होत नाही. वेणीकामापासून सुरुवात केलेली बरी. सगळ्या नमुन्यांना एकच किंमत असलीच पाहिजे असंही नाही. ज्या नमुन्याच्या परती जास्त, त्याचं सूत्र वेगळं मांडा.

₹४८० मधली मजुरी कमी करून किंमत खाली ठेवायचा मोह होईल. तो टाळा. चामडं पातळ केलं किंवा शिवण घाईत केली की तोच जोड ‘दर्जा बरा नाही’ या कारणाने परत येतो, आणि अशा एका परतीचा खर्च तुम्ही वाचवलेल्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

महागड्या नमुन्यांसाठी एक खबरदारी. ठरावीक फी आणि कधीकधी कमिशनसुद्धा किमतीच्या टप्प्यांनुसार बदलतं, ₹५०० किंवा ₹१,००० सारख्या आकड्यांवर. समजा ₹१,००० च्या वर फी ₹२० ने वाढते. मग ₹९९९ चा जोड ₹१,०१० केल्यावर अकरा रुपयांतले तुमच्या हाती नऊ येतात आणि वीस जातात. किंमत वाढवून तुम्ही अकरा रुपये गमावले. अशा सीमेजवळ एकतर खालीच थांबा, नाहीतर तीसेक रुपये तरी वर जा.

आणि किंमत बदलण्याआधी खोक्यावर छापलेली एमआरपी पाहा. तिच्यात सर्व कर धरलेले असतात आणि तिच्यापेक्षा जास्त किमतीला विकणं कायद्याने चालत नाही. तुमच्या खोक्यावर दुकानाच्या हिशोबाने ₹७५० छापलेलं असेल तर ₹८९९ ची विक्री तिथंच अडचणीत येईल. आधी नवी लेबलं, मग नवी किंमत, आणि जुना छापील साठा दुकानासाठी ठेवा. दुकानात ₹६५० आणि ऑनलाइन ₹८९९ हा फरक कोणी विचारला तर संकोच करू नका. दुकानात येणारा ग्राहक आपल्या पायाने येतो आणि जोड पायात घालून बघून नेतो. ऑनलाइनच्या किमतीत त्याच्या दारापर्यंतचा प्रवास आणि न आवडल्यास परत करायची सोय धरलेली आहे.

शेवटचा प्रश्न सेलचा, कारण तो तुमच्यासमोर येणारच. पॅनेलवर १० टक्के सूट देण्याचं निमंत्रण दिसेल. ₹८९९ चे ₹८०९ झाले की सुटणारे ₹१२० उतरून ₹५० च्या आत येतात. सूट दहा टक्के दिसते, पण ती बहुतेक तुमच्या नफ्यातून जाते आणि अर्ध्याहून जास्त नफा घेऊन जाते. शिवाय सेलमध्ये हौसेने मागवलेल्या जोडांच्या परती वाढल्या तर ते ₹५० सुद्धा राहत नाहीत. सूत्रातले स्वतःचे १२० शून्य केले की तळाची किंमत निघते, नव्या खोक्याने आणि कमी परतींनी ती ₹७४८ येते. ती कागदावर लिहून संगणकापाशी लावा आणि पॅनेलमध्ये किंमत आपोआप कमी करायची सोय चालू असेल तर तिथं किमान किंमत म्हणून ₹७९९ भरा, म्हणजे खाली थोडी मोकळीक राहील. मागे पडून राहिलेले एकेक नंबरचे जोड सेलमध्ये काढायला हरकत नाही. चालणारा नमुना मात्र पूर्ण किमतीलाच ठेवा, आणि त्याच्या परतींचा आकडा दर तीन महिन्यांनी नव्याने काढून सूत्रात घाला.